मधलं धरलं

इंद्रसिंग सरांना निवाडा करायचा कंटाळा आला होता. हा कंटाळा काल-परवाचा नव्हता, चांगला मुरलेला होता. धडगावच्या वर डोंगरात त्यांचं गाव. वडील गावचे पंच. वडील गेले आणि कुणी काही न विचारता ते काम सरांच्या गळ्यात पडलं. सर तळोद्याच्या पुढे, पहिला घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या आश्रमशाळेत शिक्षक होते, पण गावच्या लोकांना त्याचं काय? बाजाराच्या दिवशी माणसं जीपमधून उतरत, पिशव्या सांभाळत थेट शाळेच्या ओट्यावर येऊन बसत. कुणाची बकरी कुणाच्या मक्यात शिरली, कुणाची पोरगी कुणाबरोबर गेली, बांधावरचं मोहाचं झाड नेमकं कुणाचं. सर दोन्ही बाजूंचं ऐकून घेत, मग मान खाली घालून सांगत. ते सांगितलेलं माणसं मानत, चहा पिऊन निघून जात, आणि सरांच्या डोक्यात कळ मात्र मागे राहत असे.

माणसं गेली की वसतिगृहातल्या मुली. माझा साबण हिने घेतला, माझ्या अंथरुणावर ही झोपली. सर त्याचाही निवाडा करत. उंच, थोडे वाकलेले, थंडी असो नसो अंगात तोच तपकिरी स्वेटर. त्यांची बायको गुलाबबाई त्यांना म्हणायची की तुम्ही घरात भाजी कोणती करायची एवढं एक सांगत नाही, बाकी सगळ्या जगाचं सांगता. ते खरंच होतं. घरी आल्यावर त्यांना काही ठरवायला लावलं की त्यांचा चेहरा पडे.

अशा माणसाच्या वाट्याला खेळसुद्धा कोणता यावा, तर ज्याच्या शेवटी कोण जिवंत आणि कोण मेलं हे ठरवावं लागतं.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी दामिनी नावाची पुण्याची एक मुलगी शाळेत दोन वर्षं शिकवायला म्हणून येऊन राहिली होती. तिने पेटीतून पट आणले, काळे-पांढरे गोल दगड आणले आणि मुलींना गो नावाचा पटावरचा खेळ शिकवला. हसतमुख पोरगी. मुली तिच्यामागे नुसत्या गोंडा घोळत असत. दोन वर्षं झाली, ती गेली, पेट्या राहिल्या. आता हे बघायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहिलं. सरांनीही सवयीने मान हलवली. मग ते स्वतः शिकले. आधी मुलींकडून, मग मोबाइलवर. आणि लपवण्यात अर्थ नाही, त्यांना तो खेळ आवडला. संध्याकाळी ओट्यावर पट मांडून मुली बसल्या की सर खांबाला टेकून उभे राहत. तेवढ्या वेळात त्यांना कुणी काही विचारत नसे.

मुली त्याला गो म्हणत नसत, दगड म्हणत. ‘चल दगड खेळू.’ खेळ सांगायला सोपा आहे. पटावर उभ्या-आडव्या रेघा, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने दगड ठेवायचा. एकदा ठेवला की हलवायचा नाही. दगडाला लागून जी रिकामी ठिकाणं असतात ते त्याचे श्वास. एकमेकांना लागून असलेल्या दगडांचा एक गट होतो आणि श्वासही सगळ्यांचे मिळून असतात. समोरच्याने सगळे श्वास बंद केले की गट मेला, उचलून बाहेर. शेवटी ज्याने जास्त पट व्यापला तो जिंकला. मोजताना आपले उभे दगड आणि आपण वेढलेली रिकामी घरं, दोन्ही धरायची.

आता गट चारी बाजूंनी वेढला गेला तर वाचतो कसा? तर डोळ्यांनी. गटाच्या पोटात रिकामं घर राहिलं की तो डोळा. एकच डोळा असेल तर समोरचा आधी बाहेरचे श्वास बुजवतो, शेवटी डोळ्यात दगड टाकतो आणि गट उचलतो. पण दोन वेगळे डोळे असले तर त्याची पंचाईत होते. एकात दगड टाकावा तर दुसरा श्वास उघडाच, आणि असा गुदमरून मरणारा दगड टाकायला नियमात परवानगीच नाही. दोन्हींत एकदम टाकता येत नाहीत. म्हणून दोन डोळे म्हणजे जिवंत. सर पहिल्याच दिवशी एवढं शिकवत आणि मग मुलींना गट दाखवून विचारत, बोला, जिवंत की मेला?

पोटात ओळीने चार घरं रिकामी असतील तर जिवंत. समोरच्याने मधलं एक घेतलं तर आपण मधलं दुसरं घ्यायचं, दोन डोळे होतातच. दोनच घरं असतील तर मेला, त्यांचे दोन वेगळे डोळे होणारच नाहीत. आणि ओळीने तीन असतील तर? तिथे मुली अडखळत. तिनाचं उत्तर पटावर नसतं, पाळी कुणाची यावर असतं. गटवालीने मधल्या घरात दगड टाकला की दोन्ही टोकांना एकेक डोळा, जिवंत. समोरचीने मधल्या घरात टाकला की खेळ खलास. दोन टोकांचे वेगळे डोळे कधीच होत नाहीत.

हे सगळं सरांनी नीट शिकवलं होतं. पण शाळा म्हटली की नियमांना शाळेचं वळण लागतं. दामिनीचे दगड हळूहळू हरवत गेले. काळ्यांच्या जागी चिंचोके आले, पांढऱ्यांच्या जागी मक्याचे दाणे, आणि मक्याचे दाणे उंदीर पळवत. दगड पुरवून पुरवून खेळावं लागे. त्यात जेवणाची घंटा. घंटा झाली की मुली अर्धा डाव सोडून ताटं घेऊन पळत, आणि कोण जिंकलं यावरून भात वाढेपर्यंत भांडत. एकदा पावसात दिवे गेले, घंटा झाली आणि दोघींची जुंपली. एकीच्या गटात ओळीने तीन घरं होती. सर म्हणाले, मधलं धर आणि मोजून टाक. मोजणीतही काही बिघडत नव्हतं. मधलं घर रिकामं असो की त्यात आपला दगड असो, एक ते एकच. दुसरीलाही पटलं. उद्या तिचा गट असा असेल तेव्हा तिलाही ही सवलत मिळणार होती.

तेव्हापासून ती रीतच पडली. ओळीने तीन घरं वेढली की कुणी दगड खर्च करत नसे. समोरचीही तिथे शिरत नसे, ते गैर समजलं जाई. मोजायच्या वेळी जिचा गट असेल तिने मधल्या घरात दगड ठेवायचा आणि तोंडाने म्हणायचं, मधलं धरलं. म्हणायचं मात्र लागे. न म्हणता मोजलं तर ती लबाडी. सर खांबाला टेकून हे ऐकत आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. तेवढाच एक निवाडा कमी.

या रीतीत वाढलेली सगळ्यांत तयार मुलगी म्हणजे जागृती. अक्कलकुव्याच्या बाजूच्या डोंगरातली, यंदा दहावीला. बोलणं जेवढ्यास तेवढं. घरचे लोक दिवाळीनंतर कामाला गुजरातेत जात ते होळीला परतत, त्यामुळे मधले महिने तिचं घर म्हणजे हे वसतिगृह. पटावर बसली की तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. सरांना ती केव्हाच हरवू लागली होती आणि हरवल्यावर पट आवरून ठेवायची, जसं काही झालंच नाही.

यंदा जिल्ह्याची स्पर्धा जिंकेल ती मुलगी राज्याच्या स्पर्धेसाठी पुण्याला जाणार होती. पुढच्या वर्षी जागृती या शाळेत नसणार. कुठल्या कॉलेजात जाईल, जाईल की नाही, तिथे दगड कुणाला माहीत असतील का, काही सांगता येत नव्हतं. तिला पुण्याला जायचं होतं. ती तसं एकदाच बोलली होती, तेही सरांना नाही, स्वयंपाकघरातल्या मावशीला. पण ते सरांपर्यंत पोचलं होतं, आणि तेव्हापासून ते त्यांच्या छातीवर बसलं होतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तिला काय काय सांगायचं हे सरांनी मनाशी ठरवलं होतं. बाहेरच्या मुली कशा खेळतात, घाई कशी करायची नाही. त्यात ‘मधलं धरलं’ बाहेर चालत नाही हेही होतं. नेमका त्याच आठवड्यात गुलाबबाईंच्या गुडघ्याने दगा दिला आणि त्यांना चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सर तिथे बाकावर झोपले, सकाळी कँटीनचा चहा, संध्याकाळी पुन्हा बाक. परत आले ते स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, पाठ धरलेली, डोळे लाल. जागृतीला बोलावून त्यांनी बरंच काही सांगितलं. एवढं एक राहिलं. राहिलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

स्पर्धा तळोद्यातच, एका शाळेच्या सभागृहात होती. नाशिकहून पंच यायचे होते, त्यांचा सकाळीच फोन आला की जमत नाही. सभागृहात गो जाणणारी मोठी माणसं दोनच. एक सर, दुसरे हेमकांत. हेमकांत नंदुरबारला गणिताचे क्लास घेत, तरुण, बोलघेवडे, मोबाइलवर खेळून खेळून शिकलेले. स्पर्धेत उतरलेली काजल त्यांची विद्यार्थिनी. सर त्यांना म्हणाले की माझी मुलगी खेळतेय, तुम्ही पंच व्हा. हेमकांत म्हणाले की माझीही खेळतेच आहे, आणि गटांचं जगणं-मरणं तुम्हाला माझ्यापेक्षा बरं दिसतं. झालं. सरांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि उभं राहून नियम सांगितले. दोघींनी लागोपाठ पास म्हटलं की डाव थांबेल. मग कोणता गट जिवंत, कोणता मेला, ते दोघींनी मिळून ठरवायचं. दोघींचं एकमत असेल तर पंच मध्ये पडणार नाही. एकमत नसेल तर थांबलेला डाव तिथूनच पुढे सुरू, जिची पाळी असेल तिने खेळायचं. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर कुठलाही गट नव्हता.

दुपारपर्यंत बाकीच्या मुली गळाल्या. शेवटच्या डावाला जागृती आणि काजल समोरासमोर बसल्या. काजलकडे काळे दगड, जागृतीकडे पांढरे. काजल खेळायची मोठी तडफेने. दगड आपटून ठेवायची, ठेवल्यावर हेमकांतांकडे बघायची. जागृती खाली मान घालून बसलेली.

पटाच्या खालच्या कडेला काजलने पांढऱ्यांचा एक छोटा गट वेढला. सात दगड. कडेला टेकून अर्धवर्तुळासारखे बसलेले आणि त्यांच्या पोटात कडेच्या रेघेवर ओळीने तीन घरं रिकामी. वेढणारे काळे दगड मजबूत होते, तिथून सुटायला वाट नव्हती. जागृतीची पाळी होती. मधल्या घरात एक दगड टाकला की ते सात दगड कायमचे जिवंत. सर तिच्या मागून चालले होते. त्यांनी पाहिलं आणि पुढे गेले.

जागृतीने दगड दुसरीकडे ठेवला.

सर थांबले. त्यांना वाटलं तिथे काही मोठा फायदा असेल. तसा काही नव्हता, एका घराचं काम होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. ती मुलगी ते घर विसरली नव्हती. तिच्या हिशोबी तो गट जिवंत होता. इतकी वर्षं अशा गटात तिला दगड टाकावाच लागला नव्हता. सरांना खोकायची भीती वाटू लागली, की खोकलो तर ती वर बघेल, आणि माझ्या तोंडावरून तिला कळेल. पंचाच्या तोंडावरून काही कळता कामा नये. ते खिडकीशी गेले, माठातलं पाणी प्यायले, परत आले. तीन घरं तशीच होती.

काजलनेही ती पाहिली नव्हती. तिचं सगळं लक्ष वरच्या कोपऱ्यात, जिथे तिने मघाशी चार दगड मारले होते. बहुतेक तिनेही हा गट जिवंत धरूनच सोडला होता. दोघी वरचे बारीकसारीक कोपरे भरत राहिल्या. प्रत्येक वेळी जागृतीचा हात डब्यात गेला की सर मनात म्हणत, खाली, खाली. हात वर जाई. सरांनी उभ्या-उभ्या मोजून पाहिलं. तो गट जिवंत असेल तर जागृती थोड्या घरांनी जिंकत होती. मेला असेल तर हरत होती.

मग काजल म्हणाली, पास. आणि जागृती म्हणाली, पास.

सर भिंतीशी खुर्चीवर जाऊन बसले. आता दोघी मोजतील, त्या सात दगडांबद्दल कुणालाच शंका नाही, दोघींचं एकमत. पंचाला बोलायचं कारणच उरत नाही. नियमाने गप्प बसायचं, आणि गप्प बसण्यात काही खोटं नाही. सरांनी डोळे मिटले. दवाखान्यातल्या बाकापासून पहिल्यांदाच पाठीला जरा टेकायला मिळालं होतं.

जागृती मोजायला लागली. वरचा कोपरा मोजला, मधला भाग मोजला. मग तिने डब्यातून एक पांढरा दगड घेतला, खालच्या कडेच्या त्या मधल्या घरात अलगद ठेवला आणि म्हणाली, “मधलं धरलं.”

न म्हणता मोजणं ही लबाडी. तिने लबाडी केली नाही.

काजल चमकली. डाव थांबलेला असताना ही दगड कसा ठेवते? तिने हेमकांतांकडे बघितलं आणि विचारलं, “सर, ती मझार दगड का बरं टाकी ऱ्हायनी?” हेमकांत पुढे झाले. जागृतीने शांतपणे सांगितलं की तीन घरं ओळीने असली की मधलं धरतात. कोण धरतं, असं काजलने विचारलं. जागृतीला प्रश्न कळला नाही. सगळेच धरतात, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. काजल त्या दगडाकडे, मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांकडे बघत राहिली, आणि तिला दिसलं. सरांना भिंतीशी बसूनही कळलं की तिला आत्ता दिसलं.

ते उठले. उठताना गुडघे वाजले. पटाशी येऊन उभे राहिले तेव्हा तिघंही त्यांच्याकडे बघत होते. ही नजर त्यांना चांगली ठाऊक होती. शाळेच्या ओट्यावर बसलेल्या माणसांची असते तीच.

हेमकांत भला माणूस. त्यांना भांडण नको होतं, नंदुरबारची गाडीही गाठायची होती. ते हळू आवाजात म्हणाले, “जाऊ द्या ना सर, दोघींनी पास म्हटलंय. जिवंत धरून टाका. तुम्ही सांगशात ते आम्हले मान्य शे.”

किती सोपं होतं. धरून टाका. दिवे गेलेल्या त्या संध्याकाळी सरांनी हेच केलं होतं. समोरची बाजू स्वतःहून म्हणत होती. काजल अजून काही बोलली नव्हती, सर बोलले असते तर बोललीही नसती. जागृती त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काळजी नव्हती. सर आहेत म्हटल्यावर काळजी कसली? तेच सरांना सोसवेना. त्यांना त्या घडीला कुणीतरी दुसरा पंच हवा होता, कुणीही, नाशिकचा, मुंबईचा, वाटेवरचा. आपल्या जागी उभं राहणारं कुणीतरी.

त्यांनी वाकून तो पांढरा दगड उचलला आणि जागृतीच्या डब्यात परत ठेवला. डाव थांबल्यावर कुणालाच दगड ठेवता येत नाही, एवढंच म्हणाले. मग काजलकडे वळून विचारलं, “काजल, हे सात दगड तुझ्या मते जिवंत की मेले?”

काजलने हेमकांतांकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते. ती म्हणाली, “मेले.” आणि जागृती लगेच म्हणाली, “जिवंत.”

म्हणजे एकमत नव्हतं. सरांनी सकाळचा नियम पुन्हा सांगितला, सकाळच्याच आवाजात. आधी काजलने पास म्हटलं, मग जागृतीने. आता पाळी काजलची. डाव पुढे सुरू.

काजलने यावेळी दगड आपटला नाही. बोटांत धरून मधल्या घरात ठेवला आणि हात चटकन मागे घेतला.

जागृती बघत राहिली. शिकलेलं तिला सगळं येत होतं, ते काही कुठे गेलं नव्हतं. डाव्या घरात टाकलं तर काय, उजव्या घरात टाकलं तर काय, हे तिने मनात खेळून पाहिलं असणार. काही केलं तरी एकच डोळा. आपल्याच घरात दगड भरत जायचं म्हणजे आपलेच श्वास कमी करायचे. तिने सरांकडे न बघता विचारलं, “सर, तुमी सांगितलं होतं ना धरायचं?”

सभागृहात मागे खुर्च्या उचलायचा आवाज चालला होता, तो नेमका तेव्हा थांबला होता.

“हो,” सर म्हणाले. “मीच सांगितलं होतं. ते आपल्या ओट्यापुरतं होतं. इथे चालत नाही हे तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं.”

ती पास म्हणाली. काजलही पास म्हणाली. मग जागृतीने स्वतःच ते सात दगड उचलले, हळूहळू, जसे ती संध्याकाळी आवरायची तसे, आणि काजलच्या बाजूला ठेवले. मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. काजल जिंकली. काजलला हसावं की काय करावं ते कळेना, तिने जागृतीचा हात धरला आणि तिच्याशी काहीतरी बोलली. हेमकांत सरांजवळ आले, त्यांचा दंड दाबला आणि गाडीच्या नावाने लगबगीने निघून गेले.

तळोद्याच्या स्टँडवरून वर जाणारी शेवटची जीप भरायला वेळ लागला. तेलाचे डबे, कोंबड्या, बाजारातून परतणाऱ्या बाया. एकाने सरांना बघितलंच. बांधाचं काहीतरी होतं, तुम्ही येऊन सांगा म्हणाला. सरांनी नुसती मान हलवली, हो की नाही ते त्यालाही कळलं नसेल. जागृती खिडकीच्या कडेला बसली, सर तिच्या शेजारी, अर्धे सीटवर आणि अर्धे डब्यावर. ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. आपण बरोबर केलं हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना काडीइतकाही आनंद नव्हता. ती पुण्याला जाणार नाही, एवढंच खरं वाटत होतं.

घाट लागला, जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागली. जागृतीने बाहेर बघतच विचारलं, “सर, तुमाला ते मधलं घर आधी दिसलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. “दिसलं होतं,” सर म्हणाले.

“केव्हा?”

“तू पहिल्यांदा सोडलंस तेव्हाच.”

ती हिशोब करत असावी. तेव्हापासून पास म्हणेपर्यंत किती दगड पडले, वरचे कोपरे भरायला किती वेळ गेला, हे तिच्याइतकं कुणालाच आठवत नव्हतं. एका वळणावर जीप कलंडल्यासारखी झाली, बाया ओरडल्या, कोंबड्या फडफडल्या, मग पुन्हा सरळ झाली.

“तेवढा वेळ तुमी बोलले नाहीत,” ती म्हणाली. सर ऐकत राहिले. आता ती जे काही म्हणेल ते आपल्याला लागणार आणि लागायलाच हवं, अशी त्यांनी तयारी केली.

“लय दमले असाल,” जागृती म्हणाली, आणि सरकून त्यांना सीटवर नीट बसायला जागा करून दिली.

सरांना हुंदका आला. तो त्यांनी खोकल्यात लपवला नाही, आता ते कुणाचे पंच नव्हते. शेजारच्या बाईने चमकून बघितलं आणि नजर वळवली. सर मागे टेकून बसले, स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं, आणि शाळेचं फाटक येईपर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नाही.